माळरानावरचा सोलर प्लांट: अर्थ पिटचा ओहम खरा कसा मोजायचा आणि मुरूम-खडकात तो खाली कसा आणायचा

माण, खटाव, सांगोला, जत, पारनेर या पट्ट्यात शेती पिकते ती जमीन सोलरला कोणी देत नाही. प्लांट जातो माळावर किंवा गायरानात. वर हातभर मुरूम, खाली काळा खडक, आणि मे महिन्यात सगळं भाजून निघालेलं. अशा जागी तीन मीटरचा रॉड ठोकून पाच ओहमची अपेक्षा धरली की पहिला झटका टेस्टर देतो. साठ, ऐंशी, कधी शंभराच्या वर. मग पिटात मीठ ओतलं जातं, पाण्याचा टँकर येतो, आकडा काही दिवस खाली बसतो, सर्टिफिकेट होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळं मूळपदावर येतं.

इथे साधारण चार एकरांवरचा एक मेगावॅटचा जमिनीवरचा प्लांट डोळ्यांपुढे ठेवला आहे. छतावरच्या प्लांटला मोजमापाचा भाग जसाच्या तसा लागू होतो. सुधारणेचा भाग जागेप्रमाणे बदलेल.

आधी जमीन मोजा, पिट नंतर

अर्थिंगवर पैसा घालण्याआधी जमिनीला एकच गोष्ट विचारायची असते: खोल गेल्यावर ती विजेला सोपी होते की अवघड? याचं उत्तर वेनर पद्धतीच्या चार खुंट्यांच्या चाचणीतून मिळतं. पायलिंग सुरू होण्याआधी ती करून घ्या. एकदा जमिनीत शेकडो लोखंडी पाय उतरले की हीच चाचणी लोखंड मोजू लागते.

चार खुंट्या एका सरळ रेषेत, एकमेकींपासून सारख्या अंतरावर ठोका. बाहेरच्या दोन खुंट्या टेस्टरच्या करंटच्या टर्मिनलांना आणि आतल्या दोन पोटेन्शियलच्या टर्मिनलांना जोडा. चार टर्मिनलांच्या टेस्टरवर दोन टर्मिनलांमध्ये जोडपट्टी असते. या चाचणीसाठी ती काढावी लागते, आणि नेमकं तेच विसरलं जातं. खुंटी जमिनीत अंतराच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा खोल जाऊ देऊ नका. एक मीटर अंतर असेल तर पाच सेंटिमीटर पुरे. रीडिंग आलं की:

```
ρ = 2 × π × a × R
```

इथे a म्हणजे दोन खुंट्यांतलं अंतर मीटरमध्ये, R म्हणजे टेस्टरवरचा आकडा आणि ρ म्हणजे जमिनीची रेझिस्टिव्हिटी, ओहम-मीटरमध्ये. अंतर वाढवलं की करंट खोलवरून जातो. म्हणून १, २, ४, ८, १६ आणि ३२ मीटर अशी दुप्पट दुप्पट अंतरं घ्या आणि तीच मालिका आडव्या दिशेलाही एकदा करा. दोन दिशांत मोठा फरक पडला तर एका ओळीखाली पाइप, जुनी केबल किंवा खडकाची भेग आहे असं समजा.

वर मुरूम आणि दीड मीटरवर खडक अशा माळाचं चित्र पुढे मांडलं आहे. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा जमिनीचा स्वभाव असाच दिसतो.

| अंतर (मीटर) | टेस्टरचं रीडिंग (ओहम) | रेझिस्टिव्हिटी (ओहम-मीटर) |
|---|---|---|
| १ | २०.० | १२५ |
| २ | १४.२ | १८० |
| ४ | ११.७ | २९५ |
| ८ | ९.०५ | ४५५ |
| १६ | ६.२७ | ६३० |
| ३२ | ३.७८ | ७६० |

फसगत इथेच होते. टेस्टरचा आकडा खाली जाताना पाहून जमीन चांगली आहे असं वाटतं, पण अंतराने गुणल्यावर रेझिस्टिव्हिटी चढतच गेलेली असते. या जागी खोल बोअर मारणं म्हणजे पैसे खडकात पुरणं. उलट एखाद्या जागी अंतर वाढेल तशी रेझिस्टिव्हिटी १५०, १२०, ९०, ७०, ६० अशी उतरत असेल, तर खाली ओल आहे आणि बोअरचा विचार रास्त आहे. या एका तक्त्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. चार खुंट्या आणि अर्धा दिवस यापलीकडे त्याला काही लागत नाही.

एका पिटचं मोजमाप

सुरक्षिततेचं आधी सांगतो, कारण पिट सोडवल्याशिवाय त्याचं एकट्याचं रीडिंग मिळत नाही आणि सोडवणं हेच धोक्याचं काम आहे. प्लांट चालू असताना अर्थची पट्टी उघडू नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये पॅनेलच्या फ्रेममधून लीकेज करंट सतत जमिनीकडे वाहत असतो आणि तुटलेल्या पट्टीच्या दोन टोकांमध्ये तो तुमच्या हातातून वाट काढू शकतो. शटडाउन घ्या, इन्व्हर्टर दोन्ही बाजूंनी बंद करा, हातमोजे घाला आणि एका वेळी एकच पिट सोडवा. बाकीचे पिट जोडलेले राहिले पाहिजेत. ढग गडगडत असतील तर काम दुसऱ्या दिवशी. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर मोजणं सगळ्यात बरं. तेव्हा इन्व्हर्टर झोपलेले असतात आणि टेस्टरचा काटाही नाचत नाही.

आता तीन खुंट्यांची पद्धत. पिटच्या चेंबरमधली टेस्ट लिंक उघडा, रॉडचं डोकं वायर ब्रशने चकाकेपर्यंत घासा आणि टेस्टरचं ई टर्मिनल थेट रॉडवर लावा. गंजलेल्या लगवर क्लिप लावली तर लगचा रेझिस्टन्सही रीडिंगमध्ये येतो. करंटची खुंटी, म्हणजे सी, तीन मीटरच्या रॉडसाठी निदान ३० मीटर लांब ठोका. पोटेन्शियलची खुंटी, म्हणजे पी, त्याच सरळ रेषेत ६२ टक्क्यांवर, म्हणजे १८.६ मीटरवर.

६२ टक्केच का, हे समजून घेतलं तर पुढच्या चुका आपोआप टळतात. प्रत्येक खुंटीभोवती जमिनीत तिचा स्वतःचा प्रभाव असतो. पिट आणि सी खुंटी पुरेशी लांब असतील तर दोघांच्या प्रभावांच्या मध्ये एक सपाट पट्टा राहतो आणि तिथे मिळणारा आकडा खरा असतो. एकसारख्या जमिनीत तो बिंदू ६१.८ टक्क्यांवर येतो. दोन प्रभाव एकमेकांत घुसले की सपाट पट्टा उरतच नाही. मग पी कुठेही ठोका, आकडा खोटाच.

म्हणून एका रीडिंगवर कधीच थांबू नका. पी १५.६ मीटरवर, मग १८.६ वर, मग २१.६ वर ठेवा. समजा ४३.१, ४४.२ आणि ४५.३ ओहम आले. मधल्या आकड्यापासून दोन्ही बाजूंचा फरक अडीच टक्के आहे, पाच टक्क्यांच्या आत. ४४.२ लिहा. पण ३१, ४४ आणि ६० असे आकडे आले तर मधला ४४ घेऊन मोकळं होऊ नका. सी ५० मीटरवर न्या, पी ३१ वर आणि त्याच्या पाच-पाच मीटर मागेपुढे, आणि पुन्हा तीन रीडिंग घ्या.

मुरुमात सगळ्यात जास्त त्रास देतात त्या खुंट्याच. पहार घालूनही खुंटी पंधरा सेंटिमीटरवर अडते, हलते, आणि टेस्टर खुंटीचा रेझिस्टन्स जास्त असल्याची खूण दाखवतो किंवा आकडा स्थिर होत नाही. अशा वेळी खुंटीच्या बुडाशी पाणी ओता आणि पाच मिनिटं मुरू द्या. तरी जमलं नाही तर हातभर अंतरावर दुसरी खुंटी ठोकून दोन्ही एका वायरने जोडा. निव्वळ कातळ असेल तर ओल्या चिखलावर पत्र्याचा तुकडा ठेवा, वर ओलं गोणपाट आणि दगड. मदतीच्या खुंटीला पाणी घालणं ही लबाडी नाही. तिचा रेझिस्टन्स पिटच्या आकड्यात मिळत नाही, फक्त टेस्टरला करंट पुरतो. मोजण्याआधी पिटाला पाणी घालणं मात्र लबाडी आहे.

वायर रीळावरून पूर्ण उलगडा आणि पी व सी यांच्या वायरी एकमेकींपासून थोड्या दूर ठेवा. डोक्यावरून ११ किंवा ३३ केव्हीची लाइन जात असेल तर खुंट्यांची ओळ तिला आडवी धरा, समांतर नको.

क्लॅम्पचा गोड आकडा

क्लॅम्प टेस्टर आल्यापासून एक नवीच चूक सुरू झाली आहे. क्लॅम्प पट्टीभोवती लावला, ०.३ ओहम दिसलं, फोटो काढला, झालं. क्लॅम्पला करंट फिरायला वेढा लागतो. या पिटमधून जमिनीत आणि बाकीच्या पिटांमधून परत, असा वेढा असेल तरच त्याचा आकडा या पिटचा. सोलर प्लांटमध्ये पिट सहसा दोन पट्ट्यांनी जोडलेला असतो. क्लॅम्प त्यातल्या एका पट्टीवर लावला तर करंट एका पट्टीने जाऊन दुसऱ्या पट्टीने परत येतो आणि माती लागतच नाही. तो ०.३ ओहम जीआय पट्टीचा आणि नटबोल्टांचा असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. जिथे वेनरने शंभराच्या वर रेझिस्टिव्हिटी दाखवली तिथे एका पिटचा रेझिस्टन्स एक ओहमच्या खाली असूच शकत नाही. असा आकडा दिसला की क्लॅम्प रॉडवरच, दोन्ही पट्ट्या जिथे मिळतात त्याच्या खाली लावून पाहा. आणि जो पिट कशालाच जोडलेला नाही, त्यावर क्लॅम्प काहीच कामाचा नाही.

तीन मीटरचा रॉड किती देऊ शकतो

रॉड ठोकण्याआधीच त्याचा आकडा कागदावर काढता येतो:

```
R = ρ / (2 × π × L) × [ ln(8 × L / d) − 1 ]
```

L रॉडची लांबी आणि d व्यास, दोन्ही मीटरमध्ये. १७.२ मिलिमीटरच्या तीन मीटर रॉडसाठी याचं उत्तर ρ च्या साधारण एक तृतीयांश येतं. एवढं लक्षात ठेवलं तरी साइटवर पुरतं. आपल्या माळावर तीन मीटर खोलीपर्यंतचा अंदाज २५० ओहम-मीटर धरला तर नुसता रॉड ८३ ओहम देईल. जाड रॉड घेऊन फार फरक पडत नाही. ५० मिलिमीटरचा पाइप घेतला तरी आकडा ६९ च्या आसपासच राहतो, कारण व्यास सूत्रात लॉगच्या आत बसलेला आहे.

मग भरणाची माती किंवा कंपाउंड का मदत करतं? रॉडच्या एकूण रेझिस्टन्सपैकी निम्म्याहून अधिक वाटा रॉडभोवतीच्या पहिल्या पंधरा सेंटिमीटर मातीचा असतो. जवळच्या मातीत करंटला वाट अरुंद असते, दूर गेल्यावर ती रुंदावते. म्हणून रॉड थेट ठोकण्याऐवजी ३०० मिलिमीटर व्यासाचा खड्डा पाडून त्यात चांगलं कंपाउंड भरलं, तर विजेच्या दृष्टीने तो रॉड जवळजवळ ३०० मिलिमीटर जाड होतो. आपला ८३ चा आकडा ४५ च्या आसपास येतो. निम्मा झाला, पण पाच झाला नाही. आणि अजून मोठा खड्डा पाडून तो पाच होणारही नाही. पुढचा रेझिस्टन्स कंपाउंडच्या पलीकडच्या खडकात आहे.

पिटांची संख्या वाढवली तर? ४५ ओहमचे नऊ पिट म्हणजे पाच ओहम, हे गणित फक्त कागदावर खरं आहे. जवळजवळ असलेले पिट एकाच मातीत करंट सोडतात आणि एकमेकांची वाट अडवतात. रॉडच्या लांबीएवढ्या, म्हणजे तीन-तीन मीटर अंतरावर ओळीने लावले, तर एकसारख्या जमिनीत १२ पिटांना साधारण ६.७ आणि २० पिटांना ४.५ ओहम येतात. खाली खडक असताना ते याहून वाईट. अंतर रॉडच्या दुप्पट, म्हणजे सहा मीटर ठेवलं तर सुधारतं, पण खडकात वीस खड्डे पाडायचा खर्च तसाच राहतो.

भरण नीट करणं

तरीही काही पिट लागतातच: इन्व्हर्टरजवळ, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला, अरेस्टरखाली. ते करायचे तर नीट करा.

३०० मिलिमीटर व्यास आणि तीन मीटर खोलीचा खड्डा म्हणजे साधारण २१० लिटर भरण. या हिशोबाने माल मागवा. दोन गोण्या कंपाउंड टाकून वर मुरूम लोटला की रॉडचा खालचा हिस्साच काय तो भरलेला असतो. कंपाउंड कोरडं ओतू नका. ड्रममध्ये पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा. रॉड मधोमध धरून पाइप खड्ड्याच्या तळापर्यंत सोडा आणि तळापासून वर भरत या. वरून ओतलेल्या रगड्यात हवेची पोकळी अडकते, आणि पोकळी म्हणजे रॉडचा तेवढा भाग वाया. दुसऱ्या दिवशी भरण खाली बसलेलं दिसेल, ते पुन्हा भरा.

कोणतं कंपाउंड हे जमिनीच्या ओलीवर ठरतं. बेंटोनाइट ओलं असताना उत्तम आहे, त्याची रेझिस्टिव्हिटी अडीच ओहम-मीटरपर्यंत उतरते. पण ते फुगतं तसंच सुकल्यावर आकसतं. मुरमाच्या माळावर आजूबाजूची जमीन त्याचं पाणी ओढून घेते, मेपर्यंत ते रॉडपासून सुटतं आणि पिट पुन्हा ऐंशीकडे जातो. काळ्या मातीत किंवा नाल्याकाठी बेंटोनाइट वापरा. कोरड्या खडकात कार्बन किंवा ग्राफाइट मिसळलेलं, सिमेंटसारखं घट्ट होणारं कंपाउंड महाग असलं तरी तेच टिकतं, कारण त्यातला करंट पाण्यावर अवलंबून नसतो.

कोळसा-मिठाच्या पिटबद्दल स्पष्टच लिहितो. मीठ आकडा खाली आणतं हे खरं, पण पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत ते वाहून जातं आणि जाताना जीआयचं झिंक खाऊन जातं. पंचवीस वर्षं उभ्या राहायच्या प्लांटमध्ये, जिथे शेजारी स्ट्रक्चरचे पाय त्याच जमिनीत गाडलेले आहेत, तिथे ते घालू नये. याच कारणासाठी जीआय पायांच्या शेजारी उघडं तांबं पुरू नका. जमिनीत तांबं आणि झिंक जोडले गेले की बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते झिंक. सगळं गरम गॅल्व्हनाइज्ड जीआयमध्ये ठेवा.

खडकात आडवं पसरा

आपल्या तक्त्याने सांगितलंच आहे की चांगली माती वर आहे आणि वाईट खाली. मग उभं जाण्यापेक्षा आडवं जाणं शहाणपणाचं. चार एकरांच्या प्लांटची बाजू साधारण १२७ मीटर. कुंपणाच्या आतून चारी बाजूंनी जीआय पट्टीचा वेढा आणि मध्ये एक आडवी आणि एक उभी पट्टी, म्हणजे एकूण सुमारे ७६० मीटर. एवढ्या मोठ्या जाळ्याचा अंदाज असा निघतो:

```
R = (ρ / 4) × √(π / A) + ρ / Lt
```

A म्हणजे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, इथे १६,२००. Lt म्हणजे पुरलेल्या पट्टीची एकूण लांबी. मोठं जाळं खोलवरची जमीन वापरतं, म्हणून इथे वरच्या १२५ चा आकडा धरणं ही चूक ठरेल. तक्त्यातला सगळ्यात लांबचा आकडा ७६० होता आणि तो अजून चढत होता, म्हणून ९०० धरू. पहिला भाग ३.१ आणि दुसरा १.२, मिळून ४.३ ओहम. ज्या जमिनीत एक उत्तम पिटही ४५ ओहम देतो, तिथे पसरलेली पट्टी पाचच्या आत आणते. सूत्रात लांबी आणि क्षेत्रफळ यांचंच राज्य आहे, आणि प्लांटकडे क्षेत्रफळ फुकट आहे.

वर स्ट्रक्चरचे पायही आहेत. खडकात ते ड्रिल केलेल्या भोकात काँक्रीटने बसवलेले असतात. काँक्रीट जमिनीतली ओल धरून ठेवतं आणि कोरड्या खडकापेक्षा कितीतरी चांगलं वाहतं. शेकडो पाय जाळ्याला जोडले की आकडा अजून उतरतो. टेबलापासून टेबलापर्यंत पट्टीची सलगता मात्र बोल्टागणिक तपासा.

चर साठ ते पंच्याहत्तर सेंटिमीटर खोल घ्या. मध्येच खडक लागला आणि ब्रेकरने काम अडलं तर चाळीस सेंटिमीटरवरून पट्टी नेलेली चालते, पण तिथे मुरूम परत टाकू नका. चरातून निघालेले दगड पट्टीवर परत लोटणं ही या कामातली सर्रास चूक आहे. दगडांच्या मध्ये हवा राहते आणि पट्टीचा जमिनीशी संबंधच तुटतो. पट्टीच्या खाली-वर मिळून तीस सेंटिमीटर चाळलेली काळी माती किंवा तलावातला गाळ घाला. काळ्या मातीतली चिकण बेंटोनाइटच्याच कुळातली, तीच ओल धरते. ३० सेंटिमीटर रुंद चरासाठी ७६० मीटरला सुमारे ६८ घनमीटर, म्हणजे चोवीस ब्रास माती लागते. पाणी मारून, दाबून भरा आणि वर मुरमाचा थर द्या, म्हणजे ती उन्हाळ्यात भेगाळणार नाही.

चर कुठून न्यायचा यात एक फायदा आयता मिळतो. पॅनेलच्या खालच्या कडेवरून पावसाचं आणि धुण्याचं पाणी एका रेषेत ठिबकतं. आतली पट्टी त्या रेषेखालून न्या. महिन्यातून दोनदा पॅनेल धुतले जात असतील तर मेमध्येही त्या चरात ओल सापडेल. प्लांटच्या उताराच्या बाजूला नाला असेल तर वेढ्याचं एक टोक तिकडे वाढवा. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं मात्र उपयोगाचं नाही. त्याचं पाणी जमिनीला लागतच नाही.

सांधे वेल्डिंगने करा, निदान पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट लॅप ठेवून. वेल्डिंगमध्ये झिंक जळतं, म्हणून सांधा थंड झाल्यावर स्लॅग काढून झिंक पेंट आणि त्यावर बिटुमन लावा. गाडलेल्या बोल्टच्या सांध्यावर विश्वास ठेवू नका.

खाली ओल असेल तेव्हाच बोअर

ज्या जागी वेनरचा तक्ता उतरता आहे, तिथे गणित उलटं फिरतं. १५० मिलिमीटरचा १५ मीटर बोअर, आत जीआय पाइप आणि तळापासून वरपर्यंत कंपाउंड. खोलवरची रेझिस्टिव्हिटी ६० असेल तर एकटा बोअर सुमारे ३.६ ओहम देतो. असे दोन बोअर तीस मीटर अंतरावर घेतले की काम झालं. पण ड्रिलिंग करताना भुकटी कोरडीच उडत असेल, तर १५ मीटरवरही खडक कोरडा आहे असं समजा आणि थांबा.

लाइटनिंग अरेस्टरखालची गोष्ट वेगळी

नाल्याकाठच्या चांगल्या पिटापर्यंत शंभर मीटर पट्टी नेऊन प्लांटचा आकडा सुधारतो, पण विजेच्या कडकडाटाला त्याचा उपयोग नाही. विजेचा करंट काही मायक्रोसेकंदांत चढतो आणि तेवढ्या वेळात लांब पट्टीचं इंडक्टन्सच त्याला अडवतं. अरेस्टरच्या बुडाशीच अर्थ पाहिजे. खडकात तिथे एका खोल रॉडपेक्षा तीन दिशांना दहा-दहा मीटरच्या पट्ट्या काळ्या मातीत पसरणं चांगलं. उतरणारा कंडक्टर सरळ ठेवा आणि शेवटी हे जाळं प्लांटच्या मुख्य जाळ्याला जोडा. डीसी, एसी आणि अरेस्टर यांचे पिट एकमेकांपासून तोडून ठेवले, तर वीज पडल्यावर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक इन्व्हर्टरच्या इन्सुलेशनवर येतो.

पूर्ण जाळं मोजताना

१२७ मीटरच्या चौकोनाचा कर्ण १८० मीटर. सी ३० मीटरवर ठोकली तर ती जाळ्याच्याच प्रभावात असते आणि टेस्टर अर्धा ओहम दाखवतो. तो आकडा लोकांना आवडतो, म्हणून कोणी शंका घेत नाही. सी कर्णाच्या निदान तीन ते पाच पट, म्हणजे साडेपाचशे ते नऊशे मीटर दूर हवी. शेजारच्या बांधावरून वायर न्यायची परवानगी आधीच घ्या आणि चार टर्मिनलांचा टेस्टर वापरा, म्हणजे लांब वायरींचा रेझिस्टन्स आकड्यात मिसळत नाही. ग्रिडचा न्यूट्रल, कुंपण आणि बाहेर जाणाऱ्या केबलचं आर्मर जोडलेलं आहे की सोडवलेलं, हे रीडिंगशेजारी लिहा. ते जोडलेले असतील तर तुम्ही सबस्टेशनचं अर्थिंगही मोजत आहात.

एवढी जागा नसेल तर उताराची पद्धत वापरा. सी जितकी लांब आहे तिच्या २०, ४० आणि ६० टक्क्यांवर पी ठेवून R1, R2, R3 घ्या आणि

```
μ = (R3 − R2) / (R2 − R1)
```

काढा. टेस्टरच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात या μ समोर पी कुठे ठोकायची ते अंतर मिळतं. μ ०.४० ते १.५९ च्या बाहेर गेला तर तक्ता लागू होत नाही, सी अजून दूर न्यावी लागते.

मोजायचा महिना एप्रिल किंवा मे. सप्टेंबरचा आकडा कंत्राटदाराला सोयीचा असतो, पण संरक्षण लागतं ते कोरड्या जमिनीत, पहिल्या वळवाच्या कडकडाटात. पी आणि सी च्या जागा जवळच्या खांबावर रंगाने खुणावून ठेवा आणि दरवर्षी त्याच ओळीत मोजा. जाळ्याचा आकडा वर्षात थोडा हलला तर तो हवामानाचा. एखाद्या पिटचा एकट्याचा आकडा अचानक दुप्पट झाला तर कंपाउंड रॉडपासून सुटलं आहे किंवा रॉड मातीखाली गंजून बारीक झाला आहे. रॉडच्या डोक्याभोवती हातभर उकरून पाहिलं की यातलं काय झालं ते कळतं. आणि पिटचा आकडा तसाच असून पूर्ण जाळ्याचा वाढला असेल तर कुठेतरी वेल्ड सुटला आहे. तेव्हा लो-ओहम मीटरने वेढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीची सलगता तपासत जा. जिथे आकडा उडी मारतो, चर तिथेच उघडायचा.